स्क्वॉट आधी थांबवा, लॅटरल रेज शेवटपर्यंत न्या

«मॅडम, मी फोंड्याचा, वय ३१, कुंडईला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. जिमला जाऊन दोन वर्षं झाली. सोमवारी पाय, मंगळवारी छाती, गुरुवारी पाठ, शुक्रवारी खांदे आणि हात. रविवारी संध्याकाळी गावच्या मैदानावर फुटबॉल. आमचा ट्रेनर म्हणतो, फेल्युअरपर्यंत गेला नाहीस तर सेट फुकट गेला. म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मी पार्टनर ओरडतोय तोवर मारतो. स्क्वॉट ९० किलोवर ८, ६, ४, ४ असा होतो. डेडलिफ्ट ११० वर ६ रेप, सहा महिने तिथेच अडकलाय आणि कंबर दोन दोन दिवस धरून राहते. बाकीचे छोटे व्यायाम चार्टवर लिहिलेत तसे करतो. लॅटरल रेज ५ किलोचे डंबेल, १५ चे ३ सेट. लेग कर्ल १२ चे ३. खांदे मात्र काही केल्या भरत नाहीत. एक मित्र म्हणतो फेल्युअर पूर्ण बंद कर. नक्की कुठल्या व्यायामात शेवटपर्यंत जायचं आणि कुठल्यात आधी थांबायचं?»
— एक वाचक, फोंडा

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात आकडे आहेत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. थेट सांगते: जिथे आधी थांबायला हवं तिथे तुम्ही जीव तोडून मारताय, आणि जिथे शेवटपर्यंत जायला हवं तिथे चार्टवरचा आकडा आला की डंबेल खाली ठेवताय. ट्रेनरचं म्हणणं लॅटरल रेजला बरंचसं लागू पडतं, मित्राचं डेडलिफ्टला. दोघंही एकच नियम सगळ्या व्यायामांना लावतात, तिथे घोटाळा होतो. आणि हे तुमच्या एकट्याचं नाही. स्क्वॉटला पार्टनर मागे उभा असतो, चार जण बघत असतात, म्हणून माणूस ताणतो. लॅटरल रेजला कुणी ओरडत नाही, खांद्यात आग होते, पंधरा झाले की सुटलो असं वाटतं.

आधी फेल्युअर कशाला म्हणायचं ते ठरवू. मी फेल्युअर म्हणते तेव्हा अर्थ एवढाच: पहिली रेप ज्या पद्धतीने केली त्याच पद्धतीने पुढची रेप पूर्ण होत नाही. कंबर झोकून, मान पुढे काढून, अर्धीच रेप करून आणखी तीन निघतात, त्या मोजायच्या नाहीत. त्या क्षणाच्या किती रेप आधी तुम्ही थांबलात, तेवढ्या रेप शिल्लक. पुढे मी ‘दोन शिल्लक’, ‘तीन शिल्लक’ असंच लिहिणार आहे.

आता शेवटच्या रेप महत्त्वाच्या का, ते. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान, लवकर न थकणारे लागतात. गरज वाढत गेली की मोठे, जास्त जोर देणारे आणि जास्त वाढू शकणारे तंतू पुढे येतात. हलक्या वजनाला सुरुवातीला मोठ्या तंतूंची गरजच नसते. ५ किलोच्या लॅटरल रेजला पहिल्या दहा-बारा रेप लहान तंतूच ओढून नेतात, ते थकले की मग मोठ्यांची पाळी येते. म्हणजे तुमच्या खांद्यांना ज्या रेपची गरज आहे त्या सेटच्या शेवटी असतात, आणि नेमक्या तिथेच तुम्ही सेट सोडता. उलट ९० किलोच्या स्क्वॉटला, जो तुम्हाला जेमतेम आठ वेळा जमतो, मांडीचे बहुतेक तंतू पहिल्या एक-दोन रेपपासूनच कामाला लागलेले असतात. तिथे शेवटच्या दोन रेपची वाट बघायची गरज नसते. वजन जितकं हलकं आणि रेप जितक्या जास्त, तितकं शेवटाजवळ जाणं गरजेचं. वजन जड असेल तर आधी थांबूनही काम होतं.

ताकद आणि स्नायूंचा आकार यांचा हिशेबही वेगळा आहे. आकारासाठी शेवटाजवळ गेल्याचा फायदा होतो, ताकदीसाठी त्याचं महत्त्व बरंच कमी. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेला एक प्रयोग इथे बघण्यासारखा आहे. स्क्वॉट करणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले आणि आठ आठवडे सराव घेतला. एका गटाने बारचा वेग २० टक्के उतरला की सेट थांबवायचा, दुसऱ्याने ४० टक्के उतरेपर्यंत चालवायचा. दुसऱ्या गटाचे निम्म्याहून जास्त सेट फेल्युअरपर्यंत गेले. शेवटी स्क्वॉटची ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली, आणि लवकर थांबणाऱ्यांची उडी जास्त सुधारली. मांडीच्या स्नायूंचा आकार मात्र जास्त रेप मारणाऱ्यांत जास्त वाढला. तुमचा रविवारचा फुटबॉल आणि अडकलेला डेडलिफ्ट या दोन्हीसाठी लवकर थांबणाऱ्या गटाचा अनुभव कामाचा आहे. मांडी वाढवायची ती लेग एक्स्टेन्शन आणि लेग प्रेसवर वाढवता येते, त्यासाठी बारखाली मान घालून लढायची गरज नाही.

कुठलाही व्यायाम समोर आला की मी पहिला प्रश्न विचारते: सेट संपतो तेव्हा आधी हार कोण मानतं? ज्या स्नायूसाठी व्यायाम घेतलाय तोच, की दुसरंच काही?

स्क्वॉटमध्ये काय होतं ते बाजूने मोबाइल लावून बघा. तुमच्या ९० किलोच्या पहिल्या सेटच्या सातव्या रेपला बहुधा असं दिसेल: खालून उठताना बार अजून जागचा हललेला नाही आणि कंबर मात्र वर गेलेली. छाती जमिनीकडे झुकली, मग सगळं वजन पाठीच्या जोरावर वर आलं. मांडीने तिथे काम सोडलं आणि कंबरेने उचललं. समोरून बघितलं तर गुडघेही आत येताना दिसतील. आठवी रेप जमली म्हणून तुम्ही खूश होता, पण ती मांडीची नव्हती. गुरुवारी डेडलिफ्टला कंबर आधीच थकलेली का असते, त्याचं निम्मं उत्तर सोमवारच्या या सातव्या-आठव्या रेपमध्ये आहे.

डेडलिफ्टमध्ये तर हार मानणारे अनेक आहेत. कधी पंजा सुटतो, आणि आपल्याकडे मे-जूनच्या घामात तो फारच लवकर सुटतो. कधी श्वास संपतो. कधी बार नडगीपासून पुढे सरकतो आणि कंबर गोल होते. पाठ, नितंब, मांडीची मागची बाजू यांपैकी नेमकं कोण थकलं ते तुम्हाला सांगताही येत नाही. असा व्यायाम शेवटपर्यंत नेऊन कुठल्याच एका स्नायूला पुरतं काम मिळत नाही, थकवा मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो. वाकून केलेल्या बारबेल रोइंगचंही तसंच. पाठीचा वरचा भाग थकायच्या आधी कंबर थकते आणि धड हळूहळू सरळ होत जातं.

आता लॅटरल रेज घ्या. तिथे शेवटी खांद्याचा बाजूचा भागच थकतो, दुसरं कुणी नाही. डंबेल खांद्याच्या उंचीपर्यंत येत नाही, बस, सेट संपला. लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल, बायसेप्स कर्ल, केबलवरचा ट्रायसेप्स, काफ रेज, पेक डेक, सगळे याच जातीचे. मशीन धरून ठेवतं, तोल सांभाळायचा नाही, एकच सांधा हलतो, आणि जे थकतं तेच वाढवायचं असतं.

दुसरा प्रश्न: रेप अर्ध्यात अडकली तर पुढे काय? लेग कर्ल अडकला तर पॅड खाली जातो आणि प्लेटा खणकतात, एवढंच. बेंच प्रेस अडकला तर बार छातीवर असतो. सकाळी सहाला जिममध्ये तुम्ही आणि झाडू मारणारा एवढेच असाल तर बेंचचा सेट दोन-तीन शिल्लक असतानाच रॅकवर ठेवायचा, यावर मी वाद घालत नाही. स्पॉटर असेल तर शेवटच्या सेटला एक शिल्लकपर्यंत जा. पण स्पॉटर म्हणजे बार पकडायला तयार उभा असलेला माणूस. पहिल्या रेपपासून बारखाली हात लावून निम्मं वजन उचलणारा पार्टनर हा स्पॉटर नव्हे, त्याच्यामुळे तुमचा आकडाच खोटा होतो. स्क्वॉट रॅकला आडव्या सेफ्टी रॉडची सोय असेल तर ते तुमच्या सर्वात खालच्या जागेपेक्षा थोडे खाली लावा, तीन शिल्लक ठेवणार असलात तरी.

तिसरा प्रश्न, आणि तुमच्यासाठी हाच सर्वात महत्त्वाचा: या सेटचं बिल उद्या आणि परवा किती येणार? स्क्वॉट फेल्युअरपर्यंत नेला की पुढचा सेट लगेच पडतो. तुमचेच आकडे बघा, ८, ६, ४, ४, एकूण २२ रेप. त्यातल्या प्रत्येक सेटच्या शेवटच्या एक-दोन वाकड्या, म्हणजे चांगल्या रेप पंधराएक. आता हेच ९० किलो घेऊन पहिल्या सेटला पाचवर थांबा. आठ जमत होत्या, म्हणजे तीन शिल्लक. तीन मिनिटं बसा. दुसरा सेट पाच, तिसरा पाच, चौथा पाच. एकूण २०, जवळजवळ तेवढ्याच, आणि सगळ्या सरळ. चौथ्या सेटला तीनऐवजी एक-दोनच शिल्लक वाटतील, तेही चालेल. चौथ्या सेटची पाचवी रेप वाकडी आलीच तर पुढच्या वेळी ८५ घ्या. मांडीला काम मिळालं, कंबर वाचली, आणि त्यानंतरच्या लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शनला अंगात जोर उरला.

लेग एक्स्टेन्शनचं बिल मात्र फार कमी येतं. शेवटचा सेट पूर्ण फेल्युअरपर्यंत नेला तरी दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही सरळ चालत जिमबाहेर पडता आणि मंगळवारच्या बेंचवर त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणून थकवा खर्च करायचाच असेल तर तो अशा व्यायामांवर करा.

मधले व्यायाम उरतात, आणि त्यांत एक फसवा आहे: रोमानियन डेडलिफ्ट. नाव मांडीच्या मागच्या स्नायूंचं, पण पकड आणि कंबर आधी थकतात, आणि ताणलेल्या अवस्थेत काम होत असल्यामुळे दुखणंही लांबतं. तिथे दोन-तीन शिल्लक ठेवा आणि मागच्या मांडीला शेवटपर्यंत थकवायचं काम लेग कर्लवर सोपवा. लेग प्रेसवर एक-दोन शिल्लकपर्यंत जायला हरकत नाही, पण खाली येताना पाठीचा खालचा भाग पॅडवरून उचलला जाऊ लागला की सेट संपला असं समजा. लॅट पुलडाउन, छाती टेकवून करायचं मशीन रोइंग, डंबेल प्रेस, एक शिल्लक. जमिनीवरचे पुशअप्स बिनधास्त शेवटपर्यंत, कारण फेल्युअर आलं तर फक्त पोटावर आडवं व्हायचं असतं.

हे सगळं ‘शिल्लक किती’ या अंदाजावर उभं आहे, आणि तो अंदाज सुरुवातीला चुकतो. बहुतेक माणसांचा एकाच बाजूला चुकतो: दोन उरल्यात असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्त उरलेल्या असतात. जास्त रेपच्या सेटमध्ये हे जास्त होतं, कारण जळजळ लवकर सुरू होते आणि माणूस जळजळीलाच शेवट समजतो. पाच रेपच्या जड सेटमध्ये अंदाज बराच नीट येतो.

अंदाज सुधारायचा असेल तर सुरक्षित मशीनवर सुधारा. या सोमवारी लेग एक्स्टेन्शनच्या शेवटच्या सेटला, दोन उरल्यात असं वाटलं त्या क्षणी पार्टनरला मोठ्याने ‘दोन’ म्हणून सांगा, आणि थांबू नका. पुढे खरोखर किती निघाल्या ते त्याने मोजायचं. पाच निघाल्या तर तुमचा ‘दोन’ म्हणजे पाच, एवढं कळलं. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा हे करा. स्क्वॉटवर असं करू नका. स्क्वॉटला वेगाचा आधार घ्या: तुम्ही प्रत्येक रेप जोरात उठायचा प्रयत्न करत असाल तर पहिल्या रेपपेक्षा जी रेप डोळ्यांना स्पष्ट हळू दिसते, तिच्यानंतर सहसा दोन-तीनच उरलेल्या असतात. व्हिडिओत ते आरशापेक्षा चांगलं कळतं, आणि रेप करताना मान वळवून आरसा बघणं वाईटच.

लॅटरल रेजला याच्या उलट खूण आहे. तुमच्या पंधराव्या रेपचा वेग पहिल्या रेपइतकाच असेल, तर त्या सेटने फारसं काही दिलं नाही. हे शुक्रवारी तपासा. ५ किलो घ्या, कोपर किंचित वाकवलेला, धड हलू द्यायचं नाही, डंबेल खांद्याच्या उंचीपर्यंत. पंधराला थांबू नका. समजा बावीस निघाल्या. म्हणजे आजवर तुम्ही सात शिल्लक ठेवून थांबत होतात. आता पर्याय दोन: ५ किलोवरच प्रत्येक सेट शेवटच्या एक रेपपर्यंत न्या, किंवा साडेसातचे डंबेल घेऊन दहा-बारा रेपच्या सेटमध्ये तिथे पोचा. तुम्हाला मी दुसरं सांगेन, कारण लांबलेल्या सेटमध्ये जळजळीला घाबरून परत लवकर थांबण्याचा धोका आहे. साडेसातवर धड झुलू लागलं तर ५ वर परत या. पहिले दोन सेट एक शिल्लक, तिसरा अगदी शेवटपर्यंत. तिसऱ्यात रेप आपोआप कमी होतील, होऊ द्या. चार्टवरचा आकडा इथे मालक नाही.

सगळे सेट फेल्युअरपर्यंत का नाहीत, असं तुम्ही विचाराल. छोट्या व्यायामातही पहिला सेट पूर्ण रिकामा केला तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या रेप पडतात आणि एकूण काम कमी होतं. शेवटच्या सेटनंतर त्या स्नायूचं काम संपलेलंच असतं, म्हणून रिकामं करायचं ते तिथे.

लेग कर्लचं मात्र वेळापत्रक बघावं लागेल. तो शेवटपर्यंत नेण्यालायक व्यायाम आहे, पण फुटबॉलच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी नाही. थकलेल्या मागच्या मांडीने वेगाने धावताना ताण बसण्याची भीती असते. तुमचा सोमवार त्यासाठी बरोबर आहे, सामन्यापर्यंत सहा दिवस मिळतात. अडचण दुसरीकडे आहे: रविवारी संध्याकाळी नव्वद मिनिटं पळून सोमवारी स्क्वॉट. पाय जड असतील तर त्या सोमवारी तीनच्या जागी चार शिल्लक ठेवा, किंवा एक सेट कमी करा. रात्रपाळी संपवून थेट जिमला येत असाल तेव्हाही तसंच. झोप न झालेल्या माणसाचा बारवरचा ताबा कमी असतो, मशीनवर ते निभावून जातं, स्क्वॉटवर नाही.

आपल्या हवेचंही बघायला हवं. एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या दमट दिवसांत, पंख्यावर चालणाऱ्या जिममध्ये लांब सेटला पायांआधी छाती भरून येते. स्क्वॉटच्या बारा-पंधरा रेपच्या सेटमध्ये तुम्ही ‘फेल’ झालात असं वाटतं, पण मांडी अजून ताजी असते, श्वास संपलेला असतो. म्हणून या दिवसांत स्क्वॉट, डेडलिफ्ट पाच-सहा रेपच्याच सेटमध्ये करा आणि दोन सेटमध्ये चार मिनिटंही बसा. डेडलिफ्टला खडू किंवा स्ट्रॅप्स वापरायला लाजू नका, पंजा सुटला म्हणून पाठीचं काम कशाला थांबवायचं.

आता ११० वर अडकलेला डेडलिफ्ट. सहा महिने तुम्ही दर गुरुवारी त्याच वजनाला त्याच शेवटापर्यंत नेताय आणि पुढच्या गुरुवारपर्यंत अंग पुरतं सावरत नाही. १०० किलोवर या. सहाच्या जागी चार रेपचे चार सेट, पहिल्या सेटला चार-पाच शिल्लक वाटतील, शेवटच्याला तीन. सोपं वाटेल आणि मन खाईल, तरी दोन आठवडे तसंच ठेवा. मग चारचे पाच करा. पाचचे चारही सेट तीन शिल्लक ठेवून सरळ झाले की वजन वाढवा. सव्वा किलोच्या प्लेटा असतील तर अडीच किलो एकूण, नसतील तर पाच किलो वाढवून परत चार रेपवर या. म्हणजे १०० वर चार, १०० वर पाच, १०५ वर चार, १०५ वर पाच, मग ११० वर चार. अशा पायरीने ११० ला परत पोचायला सात-आठ आठवडे लागतील, घाई करू नका. तिथे पाचचे चार सेट तीन शिल्लक ठेवून जमले, तर तुमचे जुने सहा रेप मागे पडलेच, आणि ते मोजायला फेल्युअरपर्यंत जाऊन बघायचीही गरज नाही.

बेंचबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून थोडक्यात: बारबेलवर दोन शिल्लक, मग छातीला शेवटपर्यंत थकवायचं ते पेक डेक किंवा केबलवर.

नवीन पद्धत बरोबर बसतेय की नाही ते वहीत कळेल. मोठ्या व्यायामात पहिल्या आणि शेवटच्या सेटमध्ये एकापेक्षा जास्त रेपचा फरक पडत असेल, तर तुम्ही अजून फार जवळ जाताय. पुढच्या आठवड्याचा पहिला सेट मागच्यापेक्षा खाली आला, किंवा सोमवारचं दुखणं गुरुवारी बारखाली जाताना जाणवलं, तरीही तेच. छोट्या व्यायामात उलट बघा: तीनही सेटला तंतोतंत १२, १२, १२ येत असतील आणि शेवटची रेप हळू होत नसेल, तर तुम्ही अजून फार आधी थांबताय. तुमच्या लेग कर्लचं आज तेच चाललंय. वजन एक पिन वाढवा, शेवटचा सेट पॅड वर येईनासा होईपर्यंत न्या.

कंबरेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगते. स्नायू आंबून दोन्ही बाजूंनी सारखं दुखणं आणि दोन-तीन दिवसांत जाणं, याचा उपाय वर लिहिला. पण दुखणं एका पायात खाली उतरत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर डेडलिफ्ट तिथेच थांबवून आधी अस्थितज्ज्ञाला दाखवा. आणि रक्तदाब वाढलेला असेल, किंवा घरात कुणाला असूनही तुम्ही कधी मोजलाच नसेल, तर फेल्युअरच्या सेट्सआधी मोजून घ्या. श्वास रोखून शेवटची रेप ढकलताना रक्तदाब थोडा वेळ फार वर जातो. मोठे व्यायाम आधी थांबवल्याने तेही बरंच टळतं, मात्र छोट्या व्यायामांच्या शेवटच्या रेपलाही वर उचलताना श्वास सोडायची सवय लावा.

ट्रेनरशी भांडू नका. त्यांना सांगा की स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि रोइंगला आठ आठवडे तीन शिल्लक ठेवून बघतो, लॅटरल रेज, लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन आणि हातांचे व्यायाम तुमच्या म्हणण्याप्रमाणे शेवटपर्यंत नेतो. ओरडायचंच असेल तर त्या पार्टनरला शुक्रवारी लॅटरल रेजच्या तिसऱ्या सेटला शेजारी उभं करा.